पहाटे चार वीसचा निरोप

कर्वेनगरात, कॅनॉलच्या रस्त्यावर, रोज सकाळी सहाच्या सुमाराला एक राखाडी स्कूटी निघते. पुढे पायांपाशी निळा थंड डबा, हँडलला प्लास्टिकची पिशवी, आणि सीटवर कौशल्या ढोके. हिंडणं पाहून कोणाला वाटावं, बाई दूध टाकतात. खरं म्हणजे बाई रक्त गोळा करतात. एका प्रयोगशाळेसाठी घरोघरी जाऊन नमुने घ्यायचे आणि नऊच्या आत नळ्या पोचवायच्या, हे त्यांचं काम. पंधरा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीमागे वाशिम जिल्ह्यातून त्या पुण्यात आल्या. आल्या तेव्हा बिचकत बोलत. आता त्यांच्या वाटेवरची दोन-अडीचशे घरं अशी आहेत, की तिथल्या माणसांना आपल्या हाताची कोणती शीर चांगली हे स्वतःला ठाऊक नाही, पण ढोकेबाईंना आहे.

सुई टोचण्यात काही विशेष नाही, असं त्या म्हणत. ते कोणीही शिकतं. अवघड असतं ते माणसाला उपाशी ठेवणं. उपाशीपोटी साखर तपासायची म्हणजे आठ-दहा तास पाण्याशिवाय काही नाही, हे सांगायला अर्धं मिनिट लागतं. पाळताना मात्र गडबड होते. कोणी देवापुढचा खडीसाखरेचा खडा तोंडात टाकतं. कोणी म्हणतं, खाल्लं काहीच नाही, फक्त च्यवनप्राश घेतला. एका काकूंनी तर उपाशी म्हणजे उपास समजून साबुदाण्याची खिचडी खाल्ली होती. बाई रागावत नसत. वहीत लिहीत, उद्या येते म्हणत, आणि पुढच्या घराची घंटा वाजवत.

त्यांच्या या दोन-अडीचशे घरांत एक घर श्याम आठल्ये यांचं. वय एकोणऐंशी, दुसरा मजला, लिफ्ट नाही. तीस वर्षं येरवड्याच्या छापखान्यात पहिल्या पाळीला जाऊन आलेला माणूस. पाळी संपून दोन दशकं झाली, तरी पहाटे चार पंचविसाला डोळा उघडे आणि साडेचाराला चहा होई. पत्नी गेल्यावरही त्यात बदल झाला नाही. आठल्ये दिवा न लावता स्वयंपाकघरात जात. समोरच्या इमारतीतल्या बिऱ्हाडाची झोपायची खोली नेमकी त्या खिडकीसमोर, आणि एकदा तिकडून ट्यूबलाइटबद्दल तक्रार आली होती. त्यानंतर त्यांनी ट्यूब लावणं सोडलं. बटणांच्या छोट्या फोनची बॅटरी पेटवायची, ओट्यावर फोन उभा करायचा, आणि त्या उजेडात चहा. साखर दोन चमचे, मोजायला उजेड लागत नसे.

या चहानं घोळ घातला होता.

आठल्यांना हर्निया झाला होता. जिना चढताना ते एक हात कठड्यावर आणि दुसरा पोटावर दाबून धरत, आणि प्रत्येक मजल्यावर थांबून भिंतीवरच्या पाट्या वाचल्यासारखं करत. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती ती शुक्रवारची. त्याआधी उपाशीपोटीच्या साखरेचा अहवाल बुधवारी संध्याकाळपर्यंत सर्जनच्या टेबलावर हवा. सर्जन शनिवारी दोन महिन्यांसाठी परदेशी चालले होते. शुक्रवार चुकला की दोन महिने हात पोटावर.

आणि त्याआधीचे दोन नमुने वाया गेले होते. पहिल्या वेळी बाई साडेसहाला पोचल्या, तेव्हा आठल्यांनी दारातच सांगितलं, "चहा झाला." त्यांच्या आवाजात अपराध नव्हता, बातमी होती.

"काका, काल सांगितलं होतं की हो."

"सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. पण ऐकलं ते रात्रीच्या आठल्यानं. पहाटेचा आठल्ये वेगळा. तो कोणाचं ऐकत नाही."

दुसऱ्या वेळी बाईंनी मेसेज पाठवून पाहिला. आठल्यांना ऐकू कमी येई. रात्री कानातलं यंत्र काढून ठेवत, त्यामुळे फोन करण्यात अर्थ नव्हता. व्हॉट्सअॅप त्या फोनवर नव्हतंच. साधा मेसेज येई, तो ते भिंग न लावता वाचत, कारण अक्षरं मोठी होती. बाईंना त्यांच्या मुलीनं, सृष्टीनं, मेसेज पुढच्या वेळेला लावून ठेवायचं शिकवलं होतं. फोनमध्ये असतं तेच मेसेजचं अॅप उघडायचं, मजकूर लिहायचा, आणि पाठवायच्या बाणावर नुसतं टेकवायचं नाही, तर बोट दाबून धरायचं. वेळा समोर येतात. बाईंनी घाईत 'आज रात्री नऊ' निवडलं, कारण ते यादीत आयतं होतं. आठल्ये साडेआठाला झोपले होते. रात्रीत आलेल्या जाहिरातींखाली दबलेला मेसेज त्यांनी सकाळी बाईंच्या समोरच उघडला, चहाचा कप धुऊन झाल्यावर.

"चहा घेऊ नये," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "बरोबर आहे. उत्तम सूचना."

सोमवारी संध्याकाळी बाई मुद्दाम वाट वाकडी करून त्यांच्याकडे गेल्या. मंगळवारचा नमुना हातातून जाऊन चालणार नव्हता. आठल्यांची भाची नम्रता तिथे होती. ती कोथरूडला राहायची आणि शुक्रवारी तीच बरोबर जाणार होती.

"चहाचा डबा मी घेऊन जाते," नम्रता म्हणाली. "उद्या संध्याकाळी आणून देते."

"माझ्या चहाचा डबा दुसऱ्याच्या घरी?" आठल्ये म्हणाले. "मी काय दारुड्या आहे?"

"ओट्यावर चिठ्ठी लावू या मग."

"गेल्या आठवड्यात ढोकेबाईंनी लावली होती. डब्यावर. मी तिच्यावरून बोट फिरवून झाकण काढलं. अंधारात कागद आणि झाकण सारखंच."

बाई ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "पण काका, फोन तर हातात असतो ना तुमच्या? बॅटरीसाठी?"

"असतो."

"आणि त्यावर मेसेज आलेला असला तर दिसतो?"

"पाकिटाचं चित्र येतं. दिसतं. मी आंधळा नाही, बहिरा आहे."

बाईंनी घरी येऊन हे सगळं सृष्टीला सांगितलं. सृष्टी अकरावीचा अभ्यास करत होती आणि तिनं मान वर न करता तोडगा दिला. "यादीतली वेळ नको घेऊस. खाली दिवस आणि वेळ स्वतः निवडायचं असतं. चार वीस लाव. त्यांनी फोन हातात घ्यायच्या आधी येऊन बसलेला असेल, आणि जाहिरातींच्या वर."

"आणि मी उठायचं नाही?"

"तू झोप. फोन पाठवेल. फक्त फोन चालू राहू दे, आणि रेंज असू दे."

बाईंनी लिहिलं: 'आठल्ये काका, चहा नको. साडेसहाला येते. कौशल्या.' बाण दाबून धरला. दिवस मंगळवार. वेळेच्या तबकडीवर चार, मग वीस. मग वेळ कायम केली आणि पुन्हा बाण टेकवला, कारण नुसती वेळ निवडून मेसेज जागचा हलत नाही, तो लिहिलेल्या चौकटीतच पडून राहतो. मेसेज वर चढून बसला आणि त्याच्याजवळ छोटं घड्याळ उमटलं. त्यांनी फोन चार्जिंगला लावून खिडकीत ठेवला, कारण त्यांच्या खोलीत रेंज खिडकीतच मिळे. आपलं काम आता एक यंत्र करणार, याचं त्यांना थोडं अप्रूप वाटलं आणि थोडं चोरट्यासारखंही.

मंगळवारी साडेसहाला दार उघडलं. ओट्यावर धुतलेला कप उलटा ठेवलेला होता.

"मेसेज आला नाही का, काका?"

"कसला मेसेज?"

बाईंनी फोन काढला. मेसेज होता तिथेच, घड्याळासकट. त्याखालची वेळ त्यांनी नीट वाचली. मंगळवार, दुपारचे चार वीस. तबकडीवर आकडे लावताना शेजारी दुपारवरची खूण तशीच राहिली होती आणि ती सकाळवर आणायला त्या विसरल्या होत्या. सोमवारी संध्याकाळी वेळ लावली, म्हणून फोननं दुपारच गृहीत धरली होती. चूक त्यांची होती, आणि ती पोचली होती एकोणऐंशी वर्षांच्या माणसाच्या पोटापर्यंत.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "वेळ उलटी लागली."

आठल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. चिडले नाहीत. पोटावर हात ठेवून खुर्चीत बसले आणि म्हणाले, "म्हणजे आता एक दिवस."

"एक दिवस."

"दुपारी घेतलं तर?"

"तुमच्या सकाळच्या गोळ्या काही खाल्ल्याशिवाय घेऊन चालत नाहीत. आणि डॉक्टरांना रात्रभराचं उपाशी हवं. उद्याच."

पुढच्या घराची वेळ झाली होती. बाई जिना उतरल्या. खाली स्कूटीपाशी आल्यावर त्यांना वाटलं, काहीतरी राहिलं. पण तेवढ्यात पुढच्या घरचा फोन आला, आणि राहिलेलं राहूनच गेलं. तो मेसेज अजून फोनमध्ये घड्याळ लावून बसला होता. त्यावर टेकवून पुसून टाकणं एवढंच बाकी होतं.

दुपारी चार वीसला तो गेला.

संध्याकाळी सातला नम्रताचा फोन आला. "ढोकेताई, मामा दुपारपासून चहाला हात लावत नाहीत. साडेचाराला त्यांचे दोन मित्र आले, त्यांना पाजला आणि स्वतः बसून राहिले. म्हणतात, बाईंचा हुकूम आला आहे. डोकं दुखतंय त्यांचं."

बाई डोक्याला हात लावून खाली बसल्या. "अहो, तो सकाळचा होता. चुकून आत्ता गेला. प्यायला सांगा त्यांना. माझं नाव सांगून सांगा."

मागून आठल्यांचा आवाज आला, ऐकू कमी येणाऱ्या माणसाचा, गरजेपेक्षा मोठा. "साडेसहाला येते असंही लिहिलंय. आल्या नाहीत अजून. एक माणूस म्हणून तरी यायला हवं होतं."

नम्रताला हसू आलं. बाईंना आलं नाही. पण एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली आणि ती त्यांनी मनात जपून ठेवली. म्हातारा तोंडी सांगितलेलं ऐकत नव्हता, चिठ्ठी जुमानत नव्हता, पण नेमक्या वेळी फोनवर उमटलेला शब्द त्यानं पाळला होता. डोकं दुखलं तरी पाळला होता.

त्या रात्री जेवण आटोपल्यावर त्यांनी नवा मेसेज लिहिला. 'आठल्ये काका, आत्ता चहा नको. बुधवार सकाळ. मी साडेसहाला येते. कौशल्या.' बाण दाबून धरला, दिवस बुधवार, चार, वीस, आणि शेजारी सकाळ. सृष्टीला दाखवलं. मग नवऱ्याला दाखवलं. तो चाकणहून थकून आला होता. त्यानं वाचून विचारलं, "हा कोण माणूस, ज्याच्या चहासाठी घर जागं आहे?"

"कोणी जागं नाही," बाई म्हणाल्या. "फोन जागा राहणार आहे."

पण वीज गेली तर, बॅटरी संपली तर, या विचारानं त्यांनी फोन आधीच पूर्ण चार्ज करून घेतला, मगच खिडकीत ठेवला. झोपेत दोनदा त्यांना वाटलं, उठून पाहावं. उठल्या नाहीत.

बुधवारी पाच वाजता जाग आल्यावर त्यांनी पहिल्यांदा फोन घेतला. घड्याळाचं चित्र गेलं होतं. मेसेज बरोबर चार वीसला गेला होता. खाली चार एकोणतीसला आलेलं उत्तर होतं. बटणांवर एकेक अक्षर शोधून लिहिलेलं, आणि म्हणून इंग्रजी लिपीतलं मराठी: tumhi zopa ata. बाईंनी ते तीनदा वाचलं. तुम्ही झोपा आता.

साडेसहाला आठल्यांनी दार उघडलं. कानात यंत्र होतं, अंगात धुतलेला सदरा होता. जेवणाच्या टेबलावर एक भरलेला कप होता, बशीनं झाकलेला. बाईंनी बशी उचलली. चहावर जाड साय आली होती.

"हा काय?"

"पुरावा," आठल्ये म्हणाले. "मला आज चार वाजताच जाग आली. काळजीनं. म्हटलं, चहा केला की काळजी जाईल. काय आहे, काळजी कशाची तेच विसरलो. आधण ठेवलं, गाळला, ओठांपर्यंत नेला, आणि समोर ओट्यावर हा फोन पेटला."

"एखादा घोट?"

"थेंब नाही. बाई, तुम्ही त्या वेळी उठून बसलेल्या. माझ्यासाठी. थंडीत, मुलं झोपलेली असताना. आणि मी समोर बसून चहा प्यायचा? आम्ही पुण्यातले आहोत, पण इतके नाही."

बाईंनी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. डाव्या कोपरातली शीर, थोडी आतल्या बाजूला. राखाडी झाकणाच्या नळीत रक्त उतरलं. नळी त्यांनी हळूहळू उलटीसुलटी केली, नाव लिहिलं, वेळ लिहिली, डब्यात ठेवली. कापूस दाबून धरायला सांगितला. न सांगता निघून जाता आलं असतं. म्हाताऱ्याला बरं वाटत होतं, नमुना मिळाला होता, आणि पुढच्या वेळीही हेच औषध चाललं असतं. पण तुम्ही झोपा आता हे तीन शब्द त्यांना आपल्या पदराला चिकटल्यासारखे वाटत होते. जी जागरणं केली नाहीत त्यांची शाबासकी घ्यायची त्यांना सवय नव्हती. केलेल्या जागरणांची कोणी दिली नव्हती, ते वेगळं.

"काका, मी उठले नव्हते," त्या म्हणाल्या. "मी झोपले होते. मेसेज काल रात्रीच लिहून ठेवला होता. वेळ लावली की फोन आपोआप पाठवतो."

आठल्यांनी कापूस उचलून पाहिला आणि पुन्हा दाबून धरला.

"म्हणजे मी फोनला घाबरलो," ते म्हणाले.

"घाबरला नाहीत हो. मान राखलात."

"फोनचा?"

"माझा. लिहिलं तर मीच होतं."

त्यांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. मग उठून कपातला थंड चहा मोरीत ओतला. "आता प्यायला हरकत नाही ना? गोळ्या घ्यायच्यात."

"आता प्या. खा आणि गोळ्या घ्या."

"तुम्हीही घ्या अर्धा कप. उभ्यानं नाही, बसून."

बाई कोणाच्या घरी थांबत नसत, नऊची वेळ गाठायची असे. त्या दिवशी त्या चार मिनिटं बसल्या. ट्यूब न लावता, खिडकीतून येणाऱ्या उजेडात आठल्यांनी चहा केला. तो फार गोड होता.

कप ठेवताना आठल्ये म्हणाले, "गुरुवारी रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही, असं सांगितलंय. शुक्रवारी सकाळी आठाला आत घेणार. नम्रता सहाला येणार. मधली साडेचारची वेळ माझी एकट्याची." ते बाईंच्या पिशवीतून डोकावणाऱ्या फोनकडे बघत होते. "ते तुमचं यंत्र शुक्रवारी मोकळं आहे का?"

"अहवाल तर येऊ द्या, काका. साखर जास्त निघाली तर तारीखच राहायची नाही."

"मग ते पाठवायचं थांबवता येतं?"

"येतं. घड्याळावर टेकवलं की पुसता येतं, बदलता येतं, नाहीतर लगेच पाठवता येतं."

"मंगळवारी पुसलं नव्हतंत."

"नव्हतं," बाई म्हणाल्या. "म्हणून तुमचं डोकं दुखलं."

"तर लावा. मजकूर मी सांगतो. तुमचा फार गुळमुळीत असतो. पहाटेच्या आठल्याला तसं चालत नाही."

त्यांनी सांगितलं आणि बाईंनी लिहिलं: 'आठल्ये, गॅसपासून लांब.' काका नाही, खाली बाईंचं नाव नाही. बाईंनी बाण दाबून धरला. आठल्ये खुर्ची जवळ ओढून बघत होते, छापखान्यात मुद्रित तपासावं तसे. शुक्रवार. चार. वीस.

"सकाळ," ते म्हणाले.

"सकाळ," बाईंनी दाखवलं. मग बाण टेकवला. मेसेज वर चढला, शेजारी घड्याळ आलं. आठल्यांनी वेळ पुन्हा एकदा वाचली आणि खुर्ची मागे सरकवली.

नळी नऊच्या आत पोचली. दुपारी अहवाल आला, साखर एकशे दोन. संध्याकाळी पाचला नम्रता तो कागद घेऊन सर्जनच्या दवाखान्यात गेली. तिथल्या कंपाउंडरनं कागद पाहिला, फाइलला लावला, आणि शुक्रवारच्या यादीत आठल्यांच्या नावापुढची पेन्सिलीची खूण खोडून शाईची केली. बाईंना हे फोनवर कळलं, तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. बरं झालं, म्हणाल्या, आणि पुढची जुडी घेतली.

शुक्रवारी त्यांच्याकडे सात घरं होती. पाचला उठून त्यांनी सुया मोजल्या, नळ्या लावल्या, बर्फाची पाकिटं डब्यात ठेवली. फोन खिडकीतून घेताना त्यांनी पाहिलं. चार वीसचा मेसेज गेलेला होता. चार एकतीसचं उत्तर होतं, अकरा मिनिटांच्या कष्टाचं: gas pasun lamb ahe. gallery t basloy. tumhi zopla asal. chan.

गॅसपासून लांब आहे. गॅलरीत बसलोय. तुम्ही झोपला असाल. छान.

बाईंनी फोन पिशवीत टाकला, थंड डबा उचलला, सृष्टीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि दार ओढून घेतलं. पहिलं घर सव्वासहाचं होतं.